रंगवलेल्या फोटोतली मोडकी पाटी

बाजारपेठेतल्या जुन्या दुकानाचा फोटो घ्यायचा, संगणकाला सांगायचं की हा जलरंगात रंगवून दे, आणि मिनिटभरात चित्र तयार. कौलांवरचं ऊन, फळ्यांचं दार, ओट्यावरची पोती, गल्ल्यावर बसलेले आजोबा, सगळं एखाद्या कसलेल्या चित्रकारानं काढल्यासारखं उतरतं. मग नजर दुकानाच्या पाटीवर जाते. शिरोरेषा आहे, तिच्याखाली काने उभे आहेत, इकडेतिकडे वेलांट्याही दिसतात. लांबून पाहिलं तर मराठीच वाटतं. जवळ जाऊन वाचायला लागलं की एक अक्षर लागत नाही.

२०२५ च्या मार्च महिन्यात चॅटजीपीटीमध्ये चित्रं बनवायची नवी सोय आली आणि जपानच्या स्टुडिओ घिब्लीच्या शैलीत आपापले फोटो करून घेण्याची लाट उसळली. तेव्हापासून हे मोडलेलं मराठी घरोघरच्या मोबाइलमध्ये पोचलं. आपल्याकडे ते जास्त डोळ्यांत भरतं, कारण आपल्या बाजारात पाटी नाही असा कोपराच सापडत नाही. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकानांबाबतच्या कायद्यात दुरुस्ती झाली. लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी लिपीतली मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. म्हणजे गावातला कुठलाही रस्ता फोटोत घेतला की त्यात मजकूर येणारच. तो मजकूर शैली बदलताना का मोडतो आणि पुन्हा नीट कसा बसवायचा, ते एका फोटोवरून पाहू.

फोटो मोबाइलवर काढलेला आहे, ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० उंच. दुकानाची पाटी साधारण अर्धी रुंदी व्यापते, म्हणजे २००० पिक्सेल. पिवळ्या पत्र्यावर पेंटरनं हातानं लाल अक्षरं काढलीत: ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’. खाली बारीक अक्षरात ‘स्थापना १९६२’. जलरंगाच्या चित्रात या पाटीचं असं झालं: ‘कि’ची पहिली वेलांटी शेजारच्या ‘रा’च्या डोक्यावर जाऊन बसली, ‘णा’ला एक पाय जास्तीचा फुटला, ‘भु’चा उकार लाल डाग होऊन खाली ओघळला, आणि ‘व्या’मधला अर्धा व कुठल्याच अक्षराचा राहिला नाही. खालच्या ओळीत ‘स्थापना’चा नुसता गुंता झाला. साल मात्र नीट वाचता येतं, फक्त ते १९९२ असं वाचलं जातं. यातली सगळ्यात वाईट चूक शेवटची. मोडलेलं अक्षर स्वतःच सांगतं की मी मोडलोय. चुकलेला आकडा तसं काही सांगत नाही. नातवंडं हे चित्र फ्रेम करून भिंतीवर लावतील आणि आजोबांचं दुकान तीस वर्षांनी तरुण होऊन बसेल.

आता कारणाकडे येऊ. स्टेबल डिफ्यूजन नावाचं मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आजची बरीच साधनं त्याच घराण्यातली आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. हे मॉडेल फोटोवर थेट काम करत नाही. आधी फोटोचा आकार कमी केला जातो, बहुधा १०२४ पिक्सेल रुंदीपर्यंत. मग त्या छोट्या फोटोतल्या प्रत्येक ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनाचं सार अवघ्या काही आकड्यांत काढलं जातं. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांत हे आकडे चौकोनामागे फक्त चार आहेत. चौसष्ट ठिपक्यांच्या लाल, हिरव्या, निळ्या छटा मिळून एकशे ब्याण्णव आकडे होतात, आणि त्यांच्या जागी चार. भिंत, आकाश, साडीचा पोत यांना एवढं पुरतं. रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे कळेल: ठिपके मोजकेच असले तर त्यांत कमळ बसवता येतं, मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा बसवता येत नाही.

आपल्या पाटीचा हिशेब मांडून पाहू. २००० पिक्सेलची पाटी आता ५१२ ची झाली. वरच्या ओळीत तेरा अक्षरं आहेत, मधल्या मोकळ्या जागा धरून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३२ पिक्सेल रुंदी येते. म्हणजे आडवे चार चौकोन. कान्याची जाडी चार पिक्सेल, म्हणजे अर्धाच चौकोन. ‘भु’चा उकार एखाद्या चौकोनात मावतो. खालची ओळ वरच्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असेल, तर तिथं अख्ख्या अक्षराला एखादाच चौकोन मिळतो. ‘स्था’मधला अर्धा स, थ आणि काना हे सगळं चार आकड्यांत सांगा म्हटलं तर कुणालाच सांगता येणार नाही. शैली बदलायचं काम अजून सुरूही झालेलं नाही आणि खालची ओळ गेलेली आहे.

हे स्वतः पडताळून पाहता येतं. ज्या साधनांमध्ये `Denoising strength` नावाची पट्टी असते, तिथं ती शून्यावर ठेवून फोटो एकदा नुसता आतबाहेर करून घ्यावा. चित्र मूळ फोटोसारखंच दिसेल, पण पाटीपाशी मोठं करून पाहिलं की बारीक अक्षरं विरघळलेली आढळतात. इथंच जे वाचता येत नाही, ते पुढं कुठल्याही सेटिंगनं परत येणार नाही. ही चाचणी फुकटची आहे आणि खूप वेळ वाचवते, म्हणून मी ती नेहमी सर्वांत आधी करायला सांगतो.

दुसरं नुकसान शैली बदलताना होतं. मॉडेल फोटोच्या त्या सारावर दाणेदार गोंगाट टाकतं आणि मग तो गोंगाट हळूहळू पुसत नवं चित्र काढतं. ही पट्टी ०.३ वर असेल तर थोडाच गोंगाट पडतो, ०.७ वर बराच. गोंगाटात आधी बुडतात त्या बारीक गोष्टी. मोठे आकार, म्हणजे छप्पर, दार, पाटीचा आयत, शिरोरेषेची लांब आडवी रेघ, टिकून राहतात. म्हणून तर मोडक्या पाटीत शिरोरेषा जवळपास नेहमी शाबूत असते आणि मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरांच्या गाठी हरवतात. बुडालेल्या जागी काय होतं ते मॉडेल अंदाजानं भरतं. तो अंदाज येतो शिकलेल्या चित्रांवरून, आणि स्टेबल डिफ्यूजनची सुरुवातीची मॉडेलं प्रामुख्यानं इंग्रजी मथळ्यांच्या चित्रसंग्रहावर शिकवलेली होती. देवनागरी पाट्यांचा ‘साधारण तोंडवळा’ त्यांच्या पदरी आहे, पण अमुक आकार म्हणजे भ आणि तमुक म्हणजे म, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही. चेहऱ्यातली भुवई केसभर सरकली तरी चेहरा चेहराच राहतो. भ आणि म यांच्यात मात्र डाव्या अंगाच्या एका छोट्या वळणाचाच फरक असतो.

अलीकडची मॉडेलं पुढं गेली आहेत. काहींमध्ये चौकोनामागे चाराऐवजी सोळा आकडे असतात, आणि ठळक, मोठी इंग्रजी पाटी ती बऱ्याचदा बरोबर काढतात. देवनागरीतही दोन-तीन सोप्या अक्षरांचं नाव जमून जातं. पण जोडाक्षरं, बारीक ओळी आणि आकडे यांच्या बाबतीत भरवसा ठेवावा असं अजून काही नाही. शिवाय एका बटणात सगळं करून देणाऱ्या सेवा बहुधा अख्खं चित्र नव्यानं काढतात, त्यामुळे पाटी थोडी सरकते, थोडी लहानमोठी होते. ‘पाटीवर अमुक लिही’ असं पुन्हा पुन्हा सांगत बसणं हा अनेकांचा पहिला उपाय असतो आणि माझ्या मते तो सोडून द्यावा. दर खेपेला नवी पाटी निघते, एक अक्षर सुधारतं तर दुसरं बिघडतं. मशीनकडून पाटी रंगवून घ्यावी, कोरी. अक्षरं आपण बसवावीत.

याची सुरुवात शैली बदलण्याच्या आधी, मूळ फोटोपासून होते. फोटोची एक प्रत घेऊन त्यातल्या पाटीवरची अक्षरं पुसायची. GIMP हा फुकट मिळणारा चित्रसंपादक यासाठी पुरेसा आहे. त्यातलं `Clone` हे साधन घेऊन अक्षरांच्या मधला पिवळा रंग उचलायचा आणि लाल रंगावर फिरवायचा. वळचणीची सावली पाटीच्या वरच्या कडेवर पडली असेल तर तिथला गडद पिवळा तिथंच वापरायचा, उन्हातला खाली, म्हणजे पाटी सपाट चिकटवलेल्या कागदासारखी दिसत नाही. हे काम फार सुबक नसलं तरी चालतं, कारण पुढं मशीन त्यावरून कुंचला फिरवणारच आहे. मग हा कोऱ्या पाटीचा फोटो जलरंगासाठी द्यायचा. पट्टी ०.५ च्या आसपास ठेवली की रंगांचा पोत बदलतो आणि दुकानाची मांडणी बरीचशी जागेवर राहते.

इथं एक अडचण येते. दुकानाच्या दारावर कोरी पाटी मॉडेलला बघवत नाही. त्यानं पाहिलेल्या हजारो दुकानांच्या पाट्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं, म्हणून ते आपल्या मनानं चार रेघोट्या ओढून ठेवतं. नको असलेल्या गोष्टी लिहायची चौकट असते, तिथं `text, letters` असं लिहिलं तर हे कमी होतं, थांबेलच असं नाही. राहिल्या रेघोट्या तर तयार चित्रातला पिवळाच रंग घेऊन पुन्हा एकदा पुसाव्यात. पाटी एवढी साधी पृष्ठभूमी आहे की हे दोन मिनिटांचं काम असतं.

तयार झालेलं चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे. ते छापायचं असेल तर चौपट मोठं करावं लागेल, म्हणजे ४०९६ बाय ३०७२. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या हिशेबानं ते साडेतेरा इंच रुंद छापता येतं. मोठं करायची साधनंही अंदाजानं तपशील भरतात आणि अक्षरं त्यांच्याही हातून बिघडतात. म्हणून हे मोठं करणं अक्षरं बसवण्याच्या आधीच उरकून घ्यायचं. याचा आणखी एक फायदा आहे. मूळ फोटो ४००० रुंद होता, हे चित्र ४०९६ झालं, दोन्हींचा आकार जवळपास सारखा. मूळ फोटोतली अक्षरं आता ना ताणता ना दाबता या चित्रावर बसू शकतात. त्या फोटोत एकेक अक्षर सव्वाशे पिक्सेल रुंद आहे, आणि आठ बाय आठच्या चाळणीतून ते एकदाही जाणार नाही.

मूळ अक्षरंच उचलावीत, असा माझा आग्रह आहे. फॉन्टनं ‘किराणा’ लिहिणं सोपं आहे, पण हातानं रंगवलेल्या पाटीचं वळण हा त्या दुकानाचा चेहरा असतो. पेंटरनं ‘र’ची शेपूट जरा लांब सोडलेली असते, शेवटी जागा कमी पडली म्हणून ‘व्यापारी’ थोडं दाटीनं बसवलेलं असतं. ज्यांनी ती पाटी वर्षानुवर्षं पाहिली आहे, त्यांना फॉन्टमधली पाटी परकी वाटते.

उचलायची कशी? पिवळ्यावर लाल हे मिश्रण आपल्या कामाला फार सोयीचं आहे. पडद्यावरचा पिवळा रंग लाल आणि हिरवा मिळून होतो. त्यामुळे फोटोचे तीन रंगभाग वेगळे केले, तर लाल भागात पाटी आणि अक्षरं दोन्ही उजळ दिसतात, निळ्या भागात दोन्ही काळपट, आणि हिरव्या भागात पाटी पांढरी आणि अक्षरं काळी कुळकुळीत उठून दिसतात. GIMP मध्ये `Colors → Components → Decompose` मधून हे वेगळे भाग मिळतात. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर लाल भाग घ्यावा. तिन्ही डोळ्यांनी पाहून जो सगळ्यात स्वच्छ, तो निवडायचा.

या हिरव्या भागावर `Levels` उघडायचं आणि काळ्या-पांढऱ्याच्या खुणा एकमेकींच्या जवळ आणायच्या, म्हणजे पिवळा पूर्ण पांढरा होतो आणि लाल पूर्ण काळा. `Threshold` नं हे एका झटक्यात होतं खरं, पण अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात, म्हणून मी ते टाळतो. खुणा कुठं थांबवायच्या हे ओळखायला दोन जागा बघाव्यात. शिरोरेषा कुठं तुटत नाहीये ना, आणि भ, म, ण यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरून गेल्या नाहीत ना. शिरोरेषा तुटली तर फार ओढलं, पोट भरलं तर कमी ओढलं. पाटीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तर एकाच खुणेनं दोन्ही जमत नाही. तेव्हा पाटीचे दोन तुकडे करून वेगवेगळे करावेत. गंजाचे डागही अक्षरांसारखेच काळे येतात, ते पांढऱ्या कुंचल्यानं हातानं पुसावेत. पाटीसमोरून विजेची वायर गेली असेल तर तिच्या जागी अक्षर तुटलेलंच ठेवायचं. चित्रातही तिथं वायर आहे, आणि वायरीच्या पुढं आलेलं अक्षर लगेच खोटं दिसतं.

आता हे काळं-पांढरं चित्र उलटं करायचं, अक्षरं पांढरी आणि बाकी काळं, आणि ते मुखवटा म्हणून वापरायचं. म्हणजे वर लाल रंगाचा एक थर द्यायचा आणि तो फक्त अक्षरांच्या आकारातून दिसू द्यायचा. लाल कोणता, याला महत्त्व आहे. मूळ फोटोतला ऑइलपेंटचा लाल जलरंगात बटबटीत दिसतो. चित्रातच कुठंतरी लाल असतो, मिरच्यांच्या पोत्यावर नाहीतर कुणाच्या टोपीवर, तिथून उचलायचा.

थर चित्रावर ठेवून अर्धपारदर्शक करायचा आणि `Perspective` साधनानं त्याचे चार कोपरे चित्रातल्या पाटीच्या चार कोपऱ्यांशी जुळवायचे. मूळ मांडणी टिकली असेल तर अगदी थोडं हलवावं लागतं. एका बटणाच्या सेवेतून चित्र करून घेतलं असेल तर जास्त. बसलं की नाही हे शिरोरेषा सांगते. ती पाटीच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या मधोमध, त्यांच्याच उताराला धरून जायला हवी. पाटी तिरपी दिसत असताना शिरोरेषा आडवी राहिली, तर अक्षरं हवेत तरंगल्यासारखी वाटतात. चित्रातली पाटीच मध्ये वाकली असेल तर चार कोपऱ्यांनी भागत नाही. अशा वेळी झगडत बसण्यापेक्षा चित्र पुन्हा करून घेणं बरं.

एवढं झाल्यावर अक्षरं वाचता येतात, पण चिकटवल्यासारखी दिसतात. सगळं चित्र पाण्यानं ओलं आणि पाटीवरची अक्षरं मात्र कोरडी, धारदार. इथं घाई करू नये. थराची पद्धत `Multiply` केली की खालचा पिवळा आणि वळचणीची सावली अक्षरांतून झिरपते. मग कागदाच्या दाण्याचा एक फिकट थर पाटी आणि अक्षरं दोन्हींवर मिळून द्यायचा. शेवटी मुखवट्याच्या कडा किंचित खडबडीत करायच्या. वरच्या ओळीत कान्याची जाडी सोळा पिक्सेलच्या आसपास आहे, तिथं दोन पिक्सेलचा खडबडीतपणा शोभतो. खालच्या ओळीत जाडी पाचच पिक्सेल आहे. तिथं तेवढंच केलं तर ‘स्थ’चं पोट पुन्हा बुजतं आणि ६ चा ९ व्हायला वेळ लागत नाही. खालची ओळ मी जवळपास तशीच सोडून देईन, फक्त रंग थोडा फिका करून.

काही जण याच्यावर एक शेवटचा हात मशीनकडून फिरवून घेतात. फक्त पाटीचा तुकडा कापून, मोठा करून, पट्टी ०.२ च्या आसपास ठेवून. त्यानं कुंचल्याची ओल छान उतरते हे खरं आहे. तुकडा मोठा असल्यामुळे अक्षराला चौकोनही भरपूर मिळतात. पाटीचा निम्मा भाग १०२४ रुंदीनं दिला तर एका अक्षराला सोळा. वरच्या ओळीसाठी हे करायला हरकत नाही. साल असलेली ओळ मात्र मुखवट्याबाहेर ठेवावी.

कधी मूळ फोटोच इतका अंधूक असतो की अक्षरं उचलताच येत नाहीत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, कागदावरून स्कॅन केलेला फोटो असेल तर हे हमखास होतं. पाटीवर काय होतं हे घरच्यांना पाठ असतं, पण ते फोटोत दिसत नाही. तेव्हा फॉन्ट वापरावाच लागतो, आणि मग देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या सुरू होतात. संपादक मराठी नीट मांडतो की नाही हे पाहायला आधी ‘कि’, ‘र्व’, ‘स्त्री’ आणि ‘दुसऱ्या’ हे चार नमुने लिहून बघावेत. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरात पाय मोडलेलं अक्षर वेगळं दिसलं, तर तिथं भारतीय लिप्यांची मांडणी चालू नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी `World-Ready Layout` निवडावं लागतं. GIMP आणि इंकस्केपमध्ये हे मुळातच जमतं. फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आहेत का ते पाहावं. ‘मुक्त’, ‘बालू’ यांच्यासारखे फॉन्ट मोकळे मिळतात, आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ तर मराठी वळण डोळ्यांपुढं ठेवूनच केलेला आहे. पाटी भरून दिसावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो, तो आवरावा. रोमन अक्षरांना ते चालतं. देवनागरीत शिरोरेषेला फटी पडतात. जागा भरायची असेल तर अक्षराचा आकार वाढवायचा.

फॉन्टनं लिहिताना शुद्धलेखन सुधारायचं नाही, हेही सांगायला हवं. पाटीवर ‘दुध’ असेल तर ‘दुध’च. ती पाटी तशी होती.

आता तपासणी. आपण तासभर त्याच शब्दाकडे बघत असतो, त्यामुळे आपल्याला तो बरोबरच दिसतो. ज्यानं मूळ फोटो पाहिलेला नाही अशा माणसाला चित्र दाखवून पाटी मोठ्यानं वाचायला सांगावी, आकड्यांसकट. संगणकाकडूनही वाचून घेता येतं. टेसरॅक्ट हे मोकळं साधन छापील मजकूर ओळखतं आणि त्याला मराठी येतं. पाटीचा तुकडा `pati.png` नावानं साठवून एवढी आज्ञा द्यायची:

```
tesseract pati.png stdout -l mar
```

हातानं रंगवलेल्या वळणावर ते अडखळतं, म्हणून आधी मूळ फोटोतल्या पाटीवर चालवावं आणि मग चित्रातल्या. दोन्हीकडे सारखाच मजकूर आला तर ठीक. चित्रात वेगळा आला तर फरक पडलेलं अक्षर मोठं करून बघावं. पण त्यानं बरोबर वाचलं म्हणून अक्षर बरोबर आहे असं धरून चालू नये. मोडलेल्या आकारावरूनही ते ओळखीचा शब्द जुळवून देतं, आणि माणूसही तेच करतो. आकड्यांना असा ओळखीचा आधार नसतो, म्हणून १९६२ सारखा आकडा मूळ फोटोशेजारी ठेवून, एकेक अंक डोळ्यांनी जुळवण्याला पर्याय नाही.

आपली पाटी झाली, पण त्याच फोटोत मागं रस्त्यावर आणखी दहा गोष्टींवर मजकूर असतो. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी, भिंतीवरचा सिनेमाचा कागद, टेम्पोच्या मागचं वाक्य, पोत्यांवरचे शिक्के. मूळ फोटोतच ज्या अक्षरांची उंची वीस पिक्सेलपेक्षा कमी आहे, ती परत आणायच्या भरीला पडू नये. उचलायला तिथं काही उरलेलंच नसतं आणि आपण जे लिहू ते आपल्या मनचं असेल. पण मशीननं तिथं काढलेल्या खोट्या अक्षरांनाही राहू देऊ नये. बघणाऱ्याची नजर अक्षरासारखं काही दिसलं की वाचायला थांबते, आणि न लागणाऱ्या मजकुराशी अडते. त्यांच्यावरून त्याच पाटीचा रंग फिरवून शिरोरेषेसकट सगळं बुजवावं. निळी पाटी नुसती निळी राहू द्यावी. जलरंगात काम करणारे चित्रकारही लांबच्या पाट्या अशाच रंगाच्या पट्ट्यांनी सोडून देतात, आणि तिथं काही कमी आहे असं कुणाला वाटत नाही.

गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि पाटीच्या कोपऱ्यात लिहिलेले फोन नंबर यांना मी याच रांगेत धरतो. मशीननं बदललेला फोन नंबरही दहा आकडीच असतो, आणि तो कुणाचा तरी असू शकतो. चित्र चार गटांत फिरलं की त्या अनोळखी माणसाला फोन सुरू होतील. खरा नंबर परत बसवला तरी दुकानदाराला विचारल्याशिवाय तो चित्रातून गावभर पाठवणं बरोबर नाही. तिथं पिवळा रंग फिरवावा आणि पुढच्या पाटीकडे वळावं.